महिनाभर एकाच जागी राहायला जाताय? आधी दिनक्रम ठरवा, घर नंतर

निवृत्तीनंतर महिनाभर एखाद्या जागी नुसतं राहायला जायचं ठरवणारी मंडळी बहुतेक वेळा एकच चूक करतात. चार दिवसांच्या सहलीची आखणी घेतात आणि तिला साताने गुणतात. म्हणजे आधी गाव, मग देखणं घर, मग बघायच्या ठिकाणांची यादी, आणि रोजचं चालणं, बाजारहाट, औषधं, दुपारची झोप हे सगळं 'तिथे गेल्यावर बघू'. चार दिवस हे खपून जातं. दहाव्या दिवशी माणूस कंटाळतो, अठराव्या दिवशी परतीची तिकिटं बदलता येतील का ते बघू लागतो.

आम्ही पहिल्या खेपेला हेच केलं. गच्चीतून दरी दिसणारं घर घेतलं. फाटकापासून दारापर्यंत बेचाळीस पायऱ्या होत्या आणि साधं दूध आणायला पाऊण तास मोडायचा. आठवड्याभरात आम्ही दिवसातून एकदाच खाली उतरायला लागलो, मग एक दिवसाआड. दरी सुंदरच होती, पण आम्ही घरात अडकून पडलो होतो.

पुढचे टप्पे याच क्रमाने करा. घर चौथ्या टप्प्यावर आहे, आणि ते मुद्दाम.

## १. आत्ताचा दिवस सात दिवस लिहून काढा

एक वही घ्या आणि आठवडाभर, काही न बदलता, काय केव्हा करता ते लिहा. जाग कधी येते, पहिलं खाणं कधी, किती चालता, दुपारी पडता का, संध्याकाळी कुणाशी बोलता. नवरा-बायको असाल तर दोघांनी वेगवेगळं लिहा. एकाच वहीत लिहिलं की जो जास्त बोलतो त्याचाच दिवस कागदावर उतरतो.

आठव्या दिवशी प्रत्येक गोष्टीपुढे तीनपैकी एक खूण करा: यावाचून चालणार नाही, वेळ बदलली तरी चालेल, महिनाभर नसलं तरी चालेल. पहिल्या खुणेच्या गोष्टी चारपाचच निघायला हव्यात. दहा निघाल्या तर पुन्हा बसा.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण पुढे वारंवार येईल, म्हणून ते नीट सांगते. ताई चौसष्टची, जेवणाआधी इन्सुलिन घेते. भाऊजी अडुसष्टचे, उजवा गुडघा दुखरा. भाऊजींच्या वहीत निघालं ते असं: पहाटे पाऊण तास सपाट रस्त्यावर चालणं, आणि अकराच्या सुमारास घराबाहेर कुठेतरी बसून तासभर वाचन. ताईच्या वहीत निघालं: जेवणाच्या ठरलेल्या वेळा, फ्रिज, आणि संध्याकाळी अर्धा तास मोठ्या आवाजात गाण्याचा रियाज. रियाज ही गोष्ट भाऊजींच्या लक्षातही नव्हती. वही एकच असती तर ती राहूनच गेली असती, आणि पातळ भिंतींच्या इमारतीत ताईने महिनाभर गळा मिटून ठेवला असता.

तपासा: वहीतली गोष्ट खरंच रोज होते का, की व्हावीशी वाटते? 'योगासनं' सातपैकी एकाच दिवशी लिहिली असतील, तर त्यासाठी मोकळी खोली शोधत बसू नका.

## २. महिना ठरवा

इथे फार वेळ घालवायचं कारण नाही, दोन गोष्टी मात्र बघाच. पहिली, त्या महिन्यात तिथे सूर्य कधी उगवतो आणि कधी मावळतो. पहाटे साडेपाचला चालायची सवय आहे आणि तिथे उजाडतंच सातला, तर पहिल्या खुणेची एक गोष्ट घरूनच बाद झाली. अनोळखी रस्त्यावर अंधारात चालू नये. दुसरी, हंगाम. हंगाम नसताना घरं स्वस्त मिळतात, पण पर्यटकांवर जगणाऱ्या जागी तेव्हा अर्धी दुकानं आणि खाणावळी बंद असतात, बसच्या फेऱ्याही कमी होतात. मुख्य हंगामाच्या आधीचा किंवा नंतरचा महिना आपल्यासारख्यांना सगळ्यात सोयीचा पडतो.

## ३. घराआधी वस्ती शोधा

आता नकाशा उघडा, पण घरं बघू नका. वहीतल्या पहिल्या खुणेच्या गोष्टी जिथे जवळजवळ आहेत अशी वस्ती शोधा: किराणा आणि भाजी, औषधाचं दुकान, दवाखाना, सपाट चालायची जागा आणि बसायची एक जागा. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. वाचनालय असो, बाग असो, निवांत बसू देणारं उपाहारगृह असो, घराबाहेर रोज जाऊन बसावं अशी एक जागा नसेल, तर घर कितीही मोठं असलं तरी दोन माणसं एकमेकांच्या अंगावर येतात.

'जवळ' म्हणजे किती, हे आपल्या पायांनी ठरवा. बेताच्या चालीने माणूस मिनिटाला साधारण साठ-पासष्ट मीटर जातो, म्हणजे दहा मिनिटांत सहाशे-साडेसहाशे. गुडघा दुखरा आणि हातात पिशवी असेल तर तेच चारशेवर येतं. भाऊजींनी घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर दोन्ही हातांत सामान घेऊन दहा मिनिटं चालून बघितलं आणि अंतर नकाशावर मोजलं. चारशे तीस मीटर भरलं. मग प्रत्येक वस्तीत हाच एक आकडा त्यांनी धरला.

नकाशा अंतर दाखवतो, चढ सहज दाखवत नाही. रस्त्यावरून घेतलेले फोटो नकाशावर उपलब्ध असतील तर घर ते दुकान हा रस्ता त्या फोटोंमधून शेवटपर्यंत 'चालून' बघा. पदपथ आहे का, मध्येच तुटतो का, सावली कुठे आहे, टेकायला बाक आहे का, मोठा रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का. फोटो कधीचा आहे तेही बघा, चारपाच वर्षांपूर्वीचं दुकान आज असेलच असं नाही.

दवाखान्याच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी लागतात. साध्या तापा-खोकल्यासाठी चालत जाता येईल असा डॉक्टर, आणि रात्रीबेरात्री उघडं असणारं, तातडीचा विभाग असलेलं रुग्णालय. दुसरं लांब असलं तरी चालेल, पण रात्री दोन वाजता तिथवर नेणारं वाहन मिळतं का, ते आधीच विचारा.

सावधान: जाहिरातीत 'मध्यवर्ती' लिहिलेली जागा प्रेक्षणीय स्थळांच्या मध्ये असते. तिथे भेटवस्तूंची दुकानं दहा असतात आणि भाजी मिळत नाही. आपल्याला हवी ती तिथल्या लोकांची राहती वस्ती. शाळा, औषधाचं दुकान आणि केस कापायचं दुकान एकाच गल्लीत दिसलं की समजा तिथे माणसं राहतात.

## ४. आता घर

वस्ती पक्की झाली की त्या चारशे-सहाशे मीटरांच्या आतलीच घरं बघा. फोटोंवर जाऊ नका. फोटो खोली मोठी दिसेल अशा कोपऱ्यातून काढलेले असतात आणि न्हाणीघराचा उंबरठा त्यांत कधीच नसतो.

घरमालकाला एक विनंती करा: फोनवर चित्रण सुरू ठेवून रस्त्यापासून दारापर्यंत, दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून संडासापर्यंत चालून दाखवा. तीन मिनिटांचं काम आहे. जो मालक हे आनंदाने करतो तो पुढे गळका नळही दुरुस्त करतो, हा माझा आजवरचा अनुभव. चित्रणात हे बघा:

- रस्ता ते दार पायऱ्या किती आणि कठडा आहे का. 'पहिला मजला' म्हणजे नक्की कुठला, हे जागोजागी बदलतं, म्हणून मजला विचारू नका, पायऱ्यांची संख्या विचारा.
- न्हाणीघरात पाय उचलून आत जावं लागतं का, फरशी गुळगुळीत आहे का, धरायला दांडा आहे का.
- रात्री पलंगावरून उठून संडासाला जाताना वाटेत पायरी, गालिचा किंवा काचेचं टेबल येतं का.
- पाठ टेकून बसता येईल अशी, हात असलेली खुर्ची आहे का. खोल रुतणाऱ्या सोफ्यावरून महिनाभर उठबस करून बघा, म्हणजे ही ओळ का लिहिली ते कळेल.

बाकीचं लेखी विचारा. वीज आणि गॅस भाड्यात आहे की वेगळा, अनामत किती आणि केव्हा परत, धुण्याचं यंत्र आहे का आणि कपडे वाळवायचे कुठे, शेजारी बांधकाम चालू आहे का, दोनचार दिवस आधी निघावं लागलं तर किती पैसे बुडतील. हा शेवटचा प्रश्न कळीचा आहे. महिन्याच्या बुकिंगला रद्द करण्याचे नियम बहुधा दोनचार रात्रींच्या बुकिंगपेक्षा कडक असतात. दुसऱ्या बाजूने, काही बुकिंग संकेतस्थळं अठ्ठावीस रात्रींपासून 'महिना' धरतात आणि महिन्याची सवलत तिथे लागू होते. सत्तावीस रात्री घेणार असाल तर अठ्ठावीस टाकून बघा, एकूण रक्कम कमी येऊ शकते.

ताई-भाऊजींच्या समोर शेवटी दोन घरं उरली. एक नवं, मोठं, लिफ्टचं, पण दुकानं साडेआठशे मीटरवर आणि इमारत पातळ भिंतींची. दुसरं जुनं, तळमजल्याचं, दारात चार पायऱ्या, स्वयंपाकघर अरुंद, पण भाजी तीनशे मीटरवर, वाचनालय चारशेवर आणि मागे मालकाचंच गोदाम, म्हणजे रियाज ऐकून भिंत ठोकणारं कुणी नाही. न्हाणीघरात दांडा नव्हता. भाऊजींनी तो बसवून मिळेल का विचारलं, मालक हो म्हणाला आणि बसवल्याचा फोटो पाठवला. पैसे त्यानंतर भरले. हा क्रम महत्त्वाचा. 'आल्यावर बसवून देतो' यावर पूर्ण पैसे भरू नका.

तपासा: जमलं तर महिन्याचे पैसे भरण्याआधी त्याच वस्तीत तीनचार दिवस राहून या. ते जमत नसेल आणि हंगाम गर्दीचा नसेल, तर पहिल्या पाच-सहा रात्रीच घ्या आणि पटल्यावर तिथेच पुढचं बोला. गर्दीच्या महिन्यात हा धोका पत्करू नका, घर दुसऱ्याला जातं.

## ५. औषधं मोजून घ्या, अंदाजाने नाही

निघण्याच्या सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे आणि दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. सहा आठवडे अशासाठी, की काही नवं औषध सुरू झालं तर ते मानवतं का हे घरीच कळतं. परगावी सगळ्यात जास्त छळते ती दाढ.

औषधांचा हिशेब असा. मुक्काम तीस दिवस, प्रवासाचे दोन, आणि अडकलो तर आठ, म्हणजे चाळीस दिवस. दिवसाला दोन गोळ्या असतील तर ऐंशी गोळ्या, दहाच्या आठ पट्ट्या. प्रत्येक औषधाचा असा हिशेब कागदावर करा आणि पट्ट्या प्रत्यक्ष मोजा. मग त्यांचे दोन भाग करा: निम्म्याहून अधिक अंगाबरोबरच्या पिशवीत, उरलेल्या जोडीदाराच्या पिशवीत. मोठ्या बॅगेत औषध नको, तीच बॅग हरवते. चिठ्ठीवर औषधाचं बाजारातलं नाव न लिहिता मूळ द्रव्याचं नाव आणि मात्रा लिहून घ्या, कारण कंपनीचं नाव दुसरीकडे कुणाला ठाऊक नसतं. परदेशी जात असाल तर झोपेच्या आणि तीव्र वेदनांच्या गोळ्यांना तिथे बंदी किंवा परवान्याची अट आहे का, हे त्या देशाच्या वकिलातीकडून आधी विचारून घ्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी दोन वाक्यं जास्त. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. गोठलेलं वितळलं तरी ते वापरू नये, म्हणून विमानात ते सामानकक्षात न देता जवळ ठेवायचं. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला सुमारे चार आठवडे टिकतं, नेमकी मुदत आणि तापमान वेष्टनातल्या कागदावर बघा. ताईने घरात शिरल्यावर फ्रिजमध्ये आधी साधा थर्मामीटर ठेवला. मागचा कप्पा शून्याखाली जात होता. इन्सुलिन दारातल्या कप्प्यात गेलं आणि वाचलं.

सावधान: प्रवास विम्यात एका प्रवासाला जास्तीत जास्त किती दिवस संरक्षण आहे ते वाचा. तीस दिवसांची मर्यादा असेल तर जायचा आणि यायचा दिवस धरून तुम्ही तिच्या बाहेर जाऊ शकता. आधीपासून असलेले आजार लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो.

## ६. मागचं घर

पाण्याची मुख्य तोटी आणि गॅस बंद, फ्रिज रिकामा, किल्ली एका विश्वासू माणसाकडे, महिन्याची बिलं आधीच भरलेली. पाण्याची आणि गॅसची तोटी बंद करून झाल्यावर फोटो काढून ठेवा, प्रवासात 'बंद केली ना?' हा प्रश्न दर अर्ध्या तासाने येतो. बँकेचा सांकेतिक क्रमांक ज्या फोन नंबरवर येतो तो नंबर तिथेही चालू राहील, याची खात्री करा. तो बंद पडला तर खात्यात पैसे असूनही हाती येत नाहीत.

## ७. पहिले तीन दिवस: काहीही बघायला जायचं नाही

पोचलात की बॅगा पूर्ण रिकाम्या करा आणि नजरेआड ठेवा. बॅगेतून कपडे काढून घालणारा माणूस पाहुणाच राहतो. त्याच संध्याकाळी, दिवा न लावता, पलंगापासून संडासापर्यंत एकदा चालून बघा. कुठे ठेच लागते ते कळेल, तिथे रात्रीचा छोटा दिवा लावा. गालिचे गुंडाळून कपाटावर टाका.

दुसऱ्या दिवशी उजेडात चालायचा रस्ता पक्का करा, औषधाच्या दुकानात आणि दवाखान्यात प्रत्यक्ष जाऊन वेळा आणि साप्ताहिक सुट्टी विचारा. घराचा पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि तातडीचा फोन क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराजवळ चिकटवा. घाबरलेल्या माणसाला नव्या घराचा पत्ता आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी वहीतला दिवस पहिल्यांदा पूर्ण जगून बघा, घड्याळ लावून. काय जमलं नाही ते लिहा आणि वेळा सरकवा. भाऊजींची अकराची वेळ जमेना, वाचनालय बाराला उघडायचं. त्यांनी आंघोळ आणि वाचन यांची अदलाबदल केली आणि प्रश्न मिटला.

## ८. आठवड्याचा साचा

रोज तीन गोष्टी ठरलेल्या ठेवा: सकाळची एक, दुपारची एक, संध्याकाळची एक. मधला वेळ मोकळा. लांबची फेरी आठवड्यातून एकदाच, तीही आठवड्याच्या मधल्या दिवशी, आणि दुसरा दिवस पूर्ण विश्रांतीचा. दोन फेऱ्या घालायचा मोह पहिल्याच आठवड्यात होतो. त्या घातल्या की जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा हलतात आणि पूर्ववत व्हायला तीन दिवस जातात.

भाजी एकाच दुकानातून, शक्यतो एकाच वेळेला घ्या. चौथ्या-पाचव्या खेपेला दुकानदार स्वतःहून काहीतरी बोलतो. ताईला वाचनालयाजवळच्या गायन मंडळाची माहिती भाजीवालीनेच दिली.

जोडप्यांनी दिवसाचे दोन तास एकमेकांपासून वेगळे काढावेत. घरी ते आपोआप होतं, कारण प्रत्येकाची माणसं वेगळी असतात. इथे ते ठरवावं लागतं आणि भांडण व्हायच्या आधी ठरवावं लागतं.

आठव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास मन उतरतं. नवेपणा संपलेला असतो आणि ओळखी अजून झालेल्या नसतात. घरची आठवण येते, जागा चुकली असं वाटतं. या दिवसांत परतीचा निर्णय घेऊ नका. तब्येतीचं कारण असेल तर अर्थातच थांबू नका, पण नुसता उदासपणा असेल तर चौदाव्या दिवशी पुन्हा बोलू असं एकमेकांना सांगा. भाऊजी दहाव्या दिवशी तिकिटं बघत होते. चौदाव्या दिवशी ताईने विषय काढला, तेव्हा ते वाचनालयातल्या एका गृहस्थांकडे बुद्धिबळाला निघाले होते.

तपासा: मुलं, नातवंडं, मित्र 'दोन दिवस येतो' म्हणतील. महिन्यात एकदाच, आणि तेही तिसऱ्या आठवड्यात. त्याआधी तुमची घडी बसलेली नसते आणि त्यांच्याबरोबर तुम्ही पुन्हा पर्यटक होता.

## ९. शेवटचा आठवडा

सात दिवस आधी उरलेल्या गोळ्या मोजा. पाच दिवस आधीपासून किराणा आणणं थांबवा आणि आहे ते संपवा. आदल्या दिवशी रिकाम्या घराचे आणि वीज मीटरचे फोटो काढून मालकाला त्याच वेळी पाठवा, अनामतीबद्दलचे बहुतेक वाद यानेच टळतात.

आणि निघण्याआधी पहिली वही उघडा. 'यावाचून चालणार नाही' असं लिहिलेल्यांपैकी काय महिनाभर सुटलं आणि तरी चाललं, आणि न लिहिलेलं काय रोज हवंसं वाटलं, ते तिथेच बसून लिहा. घरी गेल्यावर ते आठवत नाही. भाऊजींच्या यादीतून पहाटेचं चालणं दुसऱ्या खुणेवर उतरलं, संध्याकाळीही चालतं असं त्यांना कळलं. ताईने एकच ओळ वाढवली: खिडकीजवळ खुर्ची.